व्हीएमसीवर नवा जॉब लावताना: G54 मध्ये काय लिहावे आणि H मध्ये काय

व्हीएमसीवर नवा जॉब लावताना कंट्रोलच्या दोन पानांवर आकडे भरावे लागतात. पहिले पान वर्क ऑफसेटचे, जिथे जॉबचे शून्य टेबलावर नेमके कुठे आहे हे मशिनला सांगितले जाते. दुसरे पान टूल ऑफसेटचे, जिथे प्रत्येक टूल किती लांब आहे याची नोंद असते. एक्स आणि वाय या अक्षांवर या दोन पानांचा एकमेकांशी संबंध येत नाही. झेड अक्षावर मात्र दोन्ही पानांवरचे आकडे एकत्र मिळवूनच टूलचे टोक कुठे जाणार हे ठरते, आणि मी पाहिलेल्या बहुतेक धडका याच बेरजेत एक आकडा चुकीच्या पानावर गेल्यामुळे झालेल्या आहेत. म्हणून या लेखात झेडला जास्त जागा दिली आहे. पुढील सर्व वर्णन फानुक कंट्रोलच्या बीटी-४० स्पिंडल असलेल्या व्हीएमसीचे आहे. सांगली-मिरज-कुपवाड भागातल्या जॉब शॉपमध्ये अशी मशिने बरीच दिसतात. इतर कंट्रोलवर बटणांची नावे बदलतील, बेरीज बदलणार नाही.

उदाहरणासाठी एक साधा जॉब घेऊ. बिडाची एक आयताकृती प्लेट आहे, १६० मिमी लांब आणि १०० मिमी रुंद. आधीच्या सेटअपमध्ये तिचा तळ, मागची बाजू आणि डावी बाजू मिल करून झालेली आहे. वरचा पृष्ठभाग अजून कच्चा असून त्यावर साधारण २ मिमी माल आहे. या सेटअपमध्ये वरची बाजू फेस करून जाडी ३० मिमी आणायची आहे आणि एम-१० चे चार आरपार आटे पाडायचे आहेत. टूल चारच आहेत: T1 म्हणजे ६३ मिमीचे फेसमिल, T2 सेंटर ड्रिल, T3 साडेआठ मिमीचे ड्रिल आणि T4 टॅप. जॉब सहा इंची व्हाइसमध्ये ३५ मिमीच्या दोन पॅरललवर बसणार आहे.

शून्य जॉबवर नव्हे, बैठकीवर धरावे

आकडे घेण्याआधी शून्य कशावरून धरायचे हे ठरवावे लागते. नव्याने शिकणारा ऑपरेटर सहसा पहिला जॉब व्हाइसमध्ये आवळतो आणि त्याच्याच कडेला व माथ्याला टूल टेकवतो. एकच नग काढायचा असेल तर हे चालते. पण चाळीस नगांची बॅच असेल, तर त्या पहिल्या कास्टिंगचा कच्चा माथा हा अतिशय अविश्वसनीय संदर्भ ठरतो, कारण एका नगावर दीड मिमी माल असतो, तर दुसऱ्यावर अडीच, आणि मध्येच वाळू चिकटलेली असली तर मोजमाप आणखी फसते. बॅचभर जागा न बदलणाऱ्या गोष्टी तीनच आहेत: व्हाइसचा फिक्स्ड जॉ, डाव्या बाजूचा स्टॉपर आणि पॅरललचा माथा. म्हणून वायचे शून्य जॉवर, एक्सचे शून्य स्टॉपरवर आणि झेडचे शून्य पॅरललच्या माथ्यापासून बरोबर ३० मिमी वर, म्हणजे तयार जॉबच्या माथ्यावर धरावे. प्रोग्राम लिहितानाही हाच कोपरा आणि हाच माथा शून्य मानलेला असला पाहिजे.

व्हाइस टेबलावर बसवताना खालची बर आणि चिप पुसून घ्यावी, फिक्स्ड जॉवर डायल फिरवून तो एक्सला समांतर करावा आणि १५० मिमी लांबीत फरक ०.०१ ते ०.०२ मिमीच्या आत आणावा. हे काम ऑफसेट घेण्याआधीच पूर्ण व्हायला हवे. नंतर व्हाइसचा बोल्ट आवळताना जॉ जरासा हलला, तर घेतलेले आकडे निरुपयोगी होतात.

एक्स आणि वाय

होम पोझिशन घेतल्यावर मशिनचे स्वतःचे कोऑर्डिनेट शून्य होतात आणि तिथून टेबलाच्या कामाच्या क्षेत्रात आले की तिन्ही अक्षांवर ते सहसा उणे दिसतात. G54 मध्ये लिहायचा आकडा म्हणजे या मशिन-शून्यापासून जॉबच्या शून्यापर्यंतचे अंतर होय. लाईट जाऊन परत आल्यावर ज्या मशिनला होम घ्यावे लागते, तिथे होम न घेता ऑफसेट मोजू नये.

१० मिमी टोकाचा एज फाइंडर कोलेटमध्ये धरून स्पिंडल साधारण ५०० आरपीएमवर फिरवावा. व्हाइस रिकामी ठेवावी. स्टॉपरच्या उजव्या तोंडाकडे उजवीकडून यावे. हँडव्हील आधी मोठ्या पायरीवर ठेवावे आणि शेवटचा भाग ०.०१ मिमीच्या पायरीने घ्यावा. एज फाइंडरची थरथर कमी होत जाते, तो क्षणभर सरळ फिरतो आणि पुढच्या पायरीला एकदम बाजूला सरकतो. तो सरकण्याचा क्षण हे आपले माप. मागे घेऊन त्याच दिशेने पुन्हा यावे आणि दोन्ही वेळचे आकडे ०.०१ मिमीच्या आत जुळले तरच पुढे जावे.

समजा या ठिकाणी मशिन कोऑर्डिनेटमध्ये एक्स `-412.350` दिसतो. स्पिंडलचा मध्य स्टॉपरच्या तोंडापासून ५ मिमी उजवीकडे आहे, म्हणजे जॉबच्या हिशोबाने तो एक्स अधिक ५ वर उभा आहे. ऑफसेटच्या `WORK` पानावर G54 वर कर्सर नेऊन `X5.` टाइप करावे आणि `MEASUR` दाबावे. कंट्रोल स्वतः वजाबाकी करून `-417.350` लिहितो.

वायला चित्र उलट आहे. आपल्या व्हाइसचा फिक्स्ड जॉ ऑपरेटरपासून दूरच्या बाजूला असल्यामुळे एज फाइंडर जॉच्या पुढून टेकतो आणि स्पिंडलचा मध्य वाय उणे ५ वर असतो. मशिनचा वाय `-238.120` दिसत असेल, तर `Y-5.` टाइप करून `MEASUR` दाबल्यावर G54 मध्ये `-233.120` येते. इथे चिन्ह चुकले तर शून्य एज फाइंडरच्या पूर्ण व्यासाएवढे, म्हणजे बरोबर १० मिमी सरकते. पहिल्या नगाची सगळी भोके एकाच दिशेला नेमकी १० मिमी सरकलेली दिसली, तर दुसरीकडे कुठे शोधण्याची गरज नसते. दशांशचिन्हही न विसरता द्यावे, कारण सेटिंगनुसार अनेक मशिनवर नुसते `5` म्हणजे ५ मायक्रॉन धरले जाते.

याच पानावर सर्वात वर `EXT` असा एक स्तंभ असतो. त्यात लिहिलेला आकडा G54 पासून G59 पर्यंत सगळ्याच वर्क ऑफसेटमध्ये मिळवला जातो. तो जाणीवपूर्वक वापरत नसाल तर तिन्ही अक्षांवर शून्य आहे ना, हे प्रत्येक नव्या जॉबच्या वेळी पाहावे.

टूलची लांबी: H

`G43` सोबत `H` दिला की कंट्रोल झेडसाठी अशी बेरीज करतो:

```
मशिन Z = प्रोग्राम Z + G54 Z + H
```

ही बेरीज कुठल्याही पद्धतीत हीच राहते. फरक पडतो तो फक्त H आणि G54 Z मध्ये कोणता आकडा कुठे ठेवायचा यात. आपल्याकडे सर्वाधिक चालणारी पद्धत म्हणजे प्रत्येक टूल जॉबच्या माथ्याला टेकवायचे, तिथला मशिन झेड H मध्ये लिहायचा आणि G54 Z शून्य ठेवायचा. यात टूलची लांबी आणि जॉबची उंची एकाच आकड्यात मिसळतात. जॉब बदलला की सगळी टूल पुन्हा टेकवावी लागतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे H चा आकडा पाहून तो टूलचा आहे की जॉबचा, हे पुढच्या पाळीच्या माणसाला कळत नाही.

म्हणून टूल जॉबवर न टेकवता टेबलाच्या पुसलेल्या पृष्ठभागावर ठेवलेल्या ५० मिमीच्या डायल सेटरवर टेकवावीत, असे माझे आग्रहाचे मत आहे. मग H फक्त टूलचा राहतो. स्पिंडलचे नाक कुठे आहे हे मोजावेच लागत नाही, त्यामुळे प्रीसेटर नसलेल्या शॉपलाही हे जमते. सेटरची ५० मिमी उंची मायक्रोमीटरने आधी तपासून घ्यावी. मशीन सकाळी नुकतेच चालू केले असेल तर स्पिंडल पंधरा-वीस मिनिटे फिरवून मगच मापे घ्यावीत, कारण स्पिंडल तापल्यावर त्याची लांबी बदलते आणि गार मशिनवर घेतलेला आकडा दुपारी जुळत नाही.

टूल स्पिंडलमध्ये घालण्याआधी होल्डरचा टेपर आणि स्पिंडलचे आतले तोंड कापडाने पुसावे. तिथे अडकलेली एक बारीक चिप टूलला तिरके करते आणि लांबीही चुकवते. प्रोग्राममधील T क्रमांकाने टूल घ्यावे, स्पिंडल बंद ठेवून हँडव्हीलने खाली आणावे आणि डायलची सुई शून्यावर आली की मशिन झेड वाचावा. फेसमिलच्या बाबतीत स्पिंडल हाताने हळूहळू फिरवून सर्वात खाली असलेली इन्सर्ट शोधावी आणि तीच टेकवावी. आपल्या जॉबच्या टूलचे आकडे असे आले:

```
H01   -488.215   फेसमिल
H02   -471.060   सेंटर ड्रिल
H03   -434.480   ड्रिल 8.5
H04   -449.735   टॅप M10
H10   -459.300   टेकवण्याची पिन
```

या यादीकडे एकदा डोळ्याने पाहावे. लांब टूल सेटरला लवकर टेकते, म्हणून त्याचा आकडा कमी उणे असतो. ड्रिल सर्वात लांब आहे आणि त्याचाच आकडा सर्वात कमी उणे आहे. फेसमिल आखूड आहे आणि त्याचा आकडा सर्वात जास्त उणे आहे. रॅकमधल्या टूलच्या उंचीचा क्रम आणि आकड्यांचा क्रम जुळत नसेल, तर एखादे माप चुकीच्या ओळीत गेले आहे असे समजावे. आकडा भरताना शेजारच्या `WEAR` स्तंभात मागच्या जॉबची दुरुस्ती उरलेली असेल तर ती शून्य करावी, नाहीतर ती नव्या लांबीतही मिळवली जाईल.

यादीतली T10 ही पिन कापण्यासाठी नाही. कोलेटमध्ये घट्ट धरलेली १० मिमीची ग्राइंड केलेली ही पिन फक्त उंची मोजण्यासाठी ठेवलेली आहे.

जॉबची उंची: G54 Z

आता तोच सेटर व्हाइसमधल्या दोन्ही पॅरललवर आडवा बसेल असा ठेवावा आणि T10 ने टेकवावा. मशिन झेड `-351.870` आला. टेबलावर हाच सेटर आणि हीच पिन यांचा आकडा `-459.300` होता. दोन्ही वेळा सेटरची उंची सारखीच असल्यामुळे या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे टेबलापासून पॅरललच्या माथ्याची उंची होय.

```
-351.870 - (-459.300) = 107.430
107.430 + 30.000 - 50.000 = 87.430
G54 Z = 87.430
```

दुसऱ्या ओळीतली ३० मिमी ही तयार जॉबची जाडी. ५० मिमी वजा करण्याचे कारण असे की आपल्या सगळ्या H चे शून्य टेबलावर नसून टेबलापासून ५० मिमी वर, सेटरच्या माथ्यावर आहे. ही वजाबाकी विसरली तर टूल ५० मिमी वरच राहते, म्हणजे हवेत फिरते. नुकसान होत नाही, फक्त कारण शोधण्यात वेळ जातो. G54 Z इथे धन आला म्हणून काही जणांना शंका येते, पण तयार माथा सेटरच्या माथ्यापेक्षा उंच आहे एवढाच त्याचा अर्थ.

चक्र सुरू करण्याआधी

जॉब आवळताना हलता जॉ जॉबला किंचित वर उचलतो. मऊ हातोडीने ठोकून खाली बसवावा आणि पॅरलल हाताने हलतात का पाहावे. सैल पॅरलल म्हणजे जॉब बैठकीवर नाही, आणि मग झेडचा कितीही अचूक हिशोब जाडीत उतरत नाही. भोके आरपार असल्याने पॅरलल भोकांच्या खाली येत नाहीत ना, हेही आत्ताच पाहावे.

मग प्रत्येक टूलसाठी एमडीआयमध्ये, रॅपिड सर्वात कमी टक्क्यावर आणि सिंगल ब्लॉक चालू ठेवून, एवढेच चालवावे:

```
G90 G54 G00 X80. Y-50.
G43 H03 Z100.
```

T3 साठी मशिन झेड किती दिसायला हवा हे आधीच कागदावर काढून ठेवावे: १०० अधिक ८७.४३० वजा ४३४.४८०, म्हणजे `-247.050`. पडद्यावर तोच आकडा आला आणि टूलचे टोक कच्च्या माथ्यापासून साधारण ९८ मिमीवर दिसले, की G54 Z, H आणि T हे तिन्ही जुळले. पोलादी पट्टी लावून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

या तपासणीत सर्वात जास्त सापडणारी चूक म्हणजे T आणि H चे क्रमांक न जुळणे, विशेषतः जुना प्रोग्राम कॉपी करून नवा तयार केलेला असतो तेव्हा. T3 च्या ओळीत चुकून `H01` राहिला असेल, तर फेसमिल आणि ड्रिल यांच्या आकड्यांतला ५३.७३५ मिमीचा फरक पूर्णपणे खाली पडतो. Z100 वर टोक कच्च्या माथ्यापासून साधारण ४४ मिमीवरच दिसते, आणि ते पाहून थांबता येते. पण तपासणी न करता चक्र सुरू केले, तर Z2 वर रॅपिडने येताना ड्रिल माथ्याच्या जवळजवळ ५२ मिमी आत घुसायला जाईल. उलट चूक, म्हणजे T1 ला `H03`, फक्त हवा कापते.

`G43` ची ओळच विसरली तर काय होईल, हे तुम्ही निवडलेल्या पद्धतीवर अवलंबून आहे. आपल्या पद्धतीत H उणे असल्यामुळे तो मिळवला गेला नाही, तर Z100 साठी मशिनला अधिक १८७.४३० वर, म्हणजे होमच्याही वर जावे लागेल, आणि ते ओव्हरट्रॅव्हलचा अलार्म देऊन थांबते. ज्या शॉपमध्ये प्रीसेटरवरून मोजलेली लांबी H मध्ये धन म्हणून लिहितात, तिथे हीच चूक स्पिंडलचे नाक जॉबच्या १०० मिमी वर नेऊ पाहते आणि मध्ये असलेले टूल जॉबमध्ये घुसते. ती पद्धतही योग्यच आहे, मात्र तिथे `G43` आणि `G49` च्या ओळी अधिक कडकपणे तपासाव्या लागतात.

दोन पद्धती एका मशिनवर

काही वर्षांपूर्वी मी ज्या शॉपमध्ये काम करत होतो, तिथे एका रात्री ड्रिल तुटले. दिवसा आम्ही सेटरवरून H घेतलेले होते. रात्रपाळीच्या मुलाने नवे ड्रिल घातले आणि त्याच्या सवयीप्रमाणे थेट जॉबच्या माथ्याला टेकवून H लिहिला. सायकल स्टार्ट दिल्यावर ड्रिल जॉबच्या सुमारे नव्वद मिमी वर फिरू लागले, कारण जॉबची उंची आता H मध्येही होती आणि G54 Z मध्येही. त्याने पाने उघडून पाहिली, G54 Z मध्ये एक मोठा धन आकडा दिसला, तो त्याला चुकीचा वाटला आणि त्याने तो शून्य केला. ड्रिल बरोबर चालले. चारही भोके झाली. पुढचे टूल टॅप होते, ज्याचा H दिवसाचाच होता, आणि ज्याला आता जॉब नव्वद मिमी खाली असल्याचे सांगितले जात होते. टॅप, होल्डर आणि जॉब तिन्ही गेले, आणि स्पिंडलचा रनआउट तपासेपर्यंत मशीन दोन दिवस उभे राहिले.

त्या मुलाला दोष देता येत नाही. त्याची पद्धत त्याच्यापुरती बरोबर होती आणि आमची पद्धत मशिनवर कुठेच लिहिलेली नव्हती. तेव्हापासून मी कंट्रोलच्या शेजारी एक कागद लावतो: "या मशिनवर H टेबलावरील ५० मिमी सेटरवरून. टूल जॉबला टेकवू नये. G54 Z एका टूलसाठी बदलू नये." त्याखाली त्या जॉबचा G54, सगळे H आणि T10 चा आकडा हाताने लिहिलेला असतो.

पहिल्या नगानंतरची दुरुस्ती

पहिला नग मोजल्यावर जाडी ३०.०६० आली असे समजू. हा फरक कुठल्या पानावर घालायचा, याचे उत्तर इतर टूल काय करत आहेत यावरून मिळते. सेंटर ड्रिलची खोली बरोबर असेल आणि फक्त फेसमिलचा पृष्ठभाग उंच असेल, तर तो फेसमिलचा प्रश्न आहे आणि H01 च्या `WEAR` मध्ये `-0.060` घालावे. सगळ्याच टूलची कामे एकाच दिशेने तेवढीच वर राहिली असतील, तर बैठकीची उंची चुकली आहे; आधी पॅरलल तपासावेत आणि मगच G54 Z ला हात लावावा. आकडा देताना `+INPUT` दाबावे, म्हणजे तो आधीच्या आकड्यात मिळवला जातो. नुसते `INPUT` आधीचा आकडा पुसून नवा लिहिते. `WEAR` मध्ये पूर्वीचे `-0.040` असताना आणखी `-0.060` द्यायचे असेल आणि `INPUT` दाबले गेले, तर टूल फक्त ०.०२० ने खाली येते आणि ऑपरेटर इन्सर्टला दोष देत बसतो. G54 Z वर तेच घडले, तर `87.430` च्या जागी `-0.060` येते आणि त्याचा परिणाम वर सांगितलेल्या रात्रीसारखा होतो.

तोच जॉब महिन्याने परत आला तर

मधल्या काळात व्हाइस उतरवली गेली असेल, तर एक्स, वाय आणि G54 Z पुन्हा घ्यावे लागतात. टूल होल्डरमधून काढलेली नसतील तर H ना हात लावावा लागत नाही. सेटर टेबलावर ठेवून T10 मात्र एकदा टेकवून पाहावा. तो `-459.300` ऐवजी `-459.270` आला, तर घाईने H10 बदलू नये. आधी T3 सुद्धा टेकवून पाहावा. त्यातही तेवढाच ०.०३० चा फरक दिसला, तर मशिनचाच झेड हवामानाने किंवा होमच्या फरकाने सरकला आहे आणि तो सगळ्या टूलना सारखाच लागू आहे. अशा वेळी H10 जुनाच ठेवून पॅरललवरचा आजचा आकडा घेतला, की तो ०.०३० आपोआप G54 Z मध्ये उतरतो आणि चारही टूल बरोबर बसतात. T3 चा आकडा जुनाच आला आणि फक्त पिनचा बदलला, तर पिन कोलेटमध्ये सरकली आहे; मग ती पुन्हा घट्ट करून H10 नव्याने लिहावा आणि त्यानंतरच पॅरललवर जावे.